मांडवातला पहिला नमस्कार

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर नावाची दोन ठाणी आहेत, एक गुडीहत्नूर आणि दुसरे बाजारहत्नूर. 'गुडी' म्हणजे तेलुगूत देऊळ. 'बाजार' हा शब्द फारसीतून आला आणि मराठी, उर्दू, तेलुगू असा सगळ्यांचाच झाला. बाजारहत्नूरच्या मांडवात माइक हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या निवेदकाची अडचण या दोन नावांत अर्धी सांगून होते. समोर बसलेल्या माणसांची भाषा एक नाही, पण बाजार एक आहे. तिथे रोज एकमेकांशी व्यवहार करणारी ही माणसे लग्नाच्या दिवशी एकाच मांडवाखाली येतात. त्यांना पहिला नमस्कार कसा करावा, एवढ्याच प्रश्नावर हा लेख आहे.

या भागातले बहुभाषिकपण कालपरवाचे नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात आला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा आखली गेली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. म्हणून बाजारहत्नूरच्या मराठी घरातल्या लग्नाला किनवटकडून वऱ्हाड येते, तेलुगू बोलणारे दुकानदार आणि कचेरीतली माणसे येतात. तांड्यावरून बंजारा कुटुंबे येतात, गुड्यांतून गोंड आणि कोलाम येतात, उर्दू बोलणारे व्यापारी आणि कारागीर येतात. वऱ्हाडात बौद्ध घरेही असतात. यांतल्या बहुतेकांना दोन भाषा समजतात, काहींना चार. मात्र मांडवातल्या सगळ्यांना सारखी समजेल अशी एक भाषा नसते.

अशा वेळी नवा निवेदक हमखास एक चूक करतो. तो स्वागताचे एक वाक्य मराठीत म्हणतो, तेच तेलुगूत म्हणतो, मग हिंदीत म्हणतो. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण तुम्ही मांडवात मागे बसून बघा. एका भाषेत बोलणे चालू असते तेव्हा बाकीची मंडळी शेजाऱ्याशी बोलू लागतात. त्यांची पाळी येईपर्यंत त्या गप्पा रंगलेल्या असतात. ज्यांना तिन्ही भाषा येतात ते तिसऱ्यांदा तेच ऐकून कंटाळतात, आणि त्यांचीच संख्या मोठी असते. शिवाय तीन भाषांत बोलून झाल्यावर चौथीवाल्याला आपण गाळलो गेलो हे स्पष्ट कळते. गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला एरवी काही वाटले नसते. तीन भाषा मोजून झाल्यावर मात्र वाटते.

मग करायचे काय? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. राजगोंडांच्या परंपरेत प्रधान म्हणजे त्यांचे भाट. किंगरी वाजवत ते यजमानाच्या कुळाची आणि देवांची कथा गातात. १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की या प्रधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची भाषा गोंडी. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत पाऊल टाकून त्याला त्याच्या कुळाच्या खुणेने हाक मारणारा माणूस या मातीत आधीपासून आहे. प्रधान सगळे सगळ्यांसाठी भाषांतर करत बसत नाही. ज्याच्या दारात उभा असतो त्याची नेमकी खूण तो घेतो. मांडवातल्या निवेदकाने एवढेच उचलायचे आहे. बोलण्याचा कणा एकाच भाषेत ठेवावा, यजमान मराठी असतील तर मराठीत. त्या कण्याला जागोजागी असे शब्द जोडावेत की प्रत्येक गटाला निदान एकदा तरी 'हे माझ्याशी बोलले' असे वाटावे.

यासाठी पहिले काम शब्दांच्या निवडीचे. मराठी आणि तेलुगू वेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत, पण दोघींनीही संस्कृतातून भरपूर घेतले आहे. 'जेवण' हा शब्द तेलुगू पाहुण्याला समजेलच असे नाही, 'भोजन' मात्र समजतो, कारण त्याच्याकडे तो 'भोजनम्' आहे. 'पाहुणे' ऐवजी 'बंधुमित्र', 'शुभेच्छा' ऐवजी 'आशीर्वाद', 'वेळ झाली' ऐवजी 'मुहूर्त आला' असे म्हटले की भाषांतराशिवाय निम्मे काम होते. उर्दू बोलणाऱ्यांसाठीही असेच आहे. 'मेहमान', 'दावत', 'तयारी', 'जागा' हे शब्द आपल्याकडेही चालतात. मात्र 'लग्न' या शब्दाकडे लक्ष ठेवा. मराठीत तो सगळा सोहळा झाला आहे. तेलुगूत 'लग्नम्' म्हणजे ती शुभ वेळ, आणि सोहळ्याला 'पेळ्ळि' म्हणतात. 'लग्न दुपारी आहे' या वाक्याने गोंधळ होणार नाही, पण 'लग्न तीन दिवस चाललं' असे म्हटले तर तेलुगू पाहुणा गालात हसेल.

दुसरे काम सापळे ओळखण्याचे. तेलुगूत 'या' असे आदराने म्हणायला 'रंडि' हा शब्द आहे. अतिशय सभ्य आणि रोजचा शब्द. मराठी किंवा उर्दू कानाला मात्र तो शिवीसारखा ऐकू येतो. माइकवरून उत्साहाने दोनदा उच्चारला की मांडवाच्या एका बाजूची पोरे फिदीफिदी हसतात. ज्यांनी तो शब्द आयुष्यभर आदराने वापरला त्या तेलुगू बाया अवघडून बसतात. त्यात कोणाची चूक नसते, तरी पहिल्याच मिनिटाला मांडव दुभंगतो. यावर उपाय तेलुगूतच आहे. 'दयचेयंडि' हा त्याहून अदबीचा शब्द आहे, अर्थ 'कृपा करून यावे'. बसायला सांगायचे तर 'दयचेसि कूर्चोंडि'. तेलंगणाच्या बोलीत 'कूसोंडि' असेही म्हणतात आणि ते जास्त घरगुती वाटते. तेलुगूत जन्मलेला निवेदक असेल तर त्याला हे सांगायची गरज नाही. तो काय बोलायचे ते बोलेल. मराठी निवेदकाने मात्र 'दयचेयंडि' पाठ करून ठेवावा.

तिसरे काम अभिवादनाचे, आणि ते सर्वांत नाजूक. 'राम राम' हा आपल्याला सगळ्यांचा नमस्कार वाटतो. मराठी शेतकरी, बंजारा आणि या भागातले गोंडसुद्धा तो म्हणतात. पण बौद्ध पाहुणा 'जय भीम' म्हणतो, आणि मुसलमान पाहुण्याला 'आदाब' किंवा 'सलाम' जवळचा. गोंडांत आता 'जय सेवा' रूढ आहे, बंजाऱ्यांत 'जय सेवालाल'. इथे एक पथ्य पाळावे. एकतर सर्वांना मिळून एकच 'नमस्कार' करा, तो मराठी आणि तेलुगू दोन्हींत तोच आहे. नाहीतर मांडवात जेवढे गट खरोखर बसले आहेत तेवढ्या सगळ्यांचे अभिवादन घ्या. अर्धवट यादी सर्वांत वाईट. चार नावे घेऊन पाचवे राहिले तर त्या पाचव्याला विस्मरणाची सबब पटत नाही.

यासाठी कार्यक्रमाआधी अर्धा तास यजमानांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसावे. पत्रिका कोणाकोणाला गेल्या हे घरातले पुरुष सांगतील, पण प्रत्यक्ष कोण आले, कोण कोणाबरोबर बसले, कोण नाराज होऊन मागे थांबले, हे तिला माहीत असते. तिच्याकडूनच एक गोष्ट आणखी विचारून घ्यावी, ती म्हणजे मुलीचे मामा कोण. आपल्याकडे मामा मुलीला बोहल्यावर आणतो. तेलुगू घरांतही 'मेनमामा' हाच मुलीला मांडवात आणतो, कित्येक ठिकाणी बांबूच्या टोपलीत बसवून. 'मामा' या एका शब्दाने दोन्हीकडच्या माणसांना त्या माणसाचा मान कळतो. मान्यवरांची लांबलचक यादी वाचण्यापेक्षा 'मुलीचे मामा आले आहेत' हे एक वाक्य मांडवाला जास्त जवळचे असते.

मान्यवरांची नावे घ्यावीच लागली तर ती ज्याच्या त्याच्या रीतीने घ्या. तेलुगू नावामागे 'गारु', उर्दू नावामागे 'साब', मराठी नावामागे 'राव', 'पाटील' किंवा 'ताई', तांड्याच्या प्रमुखाला 'नायक', गोंड गावच्या प्रमुखाला 'पटेल'. किनवटच्या निवेदकाने आणखी एक लक्षात ठेवावे. इथे तालुका नाही, मंडल आहे. 'आपल्या तालुक्याचे' असे म्हटले की सीमेपलीकडचा माणूस आपल्याला पाहुणा समजतो आहे हे इथल्या लोकांना लगेच जाणवते. मांडवात पाहुणा तो असतो, हे तो विसरलेला असतो.

आता विनोद. मिश्र समाजात विनोदाला जागा कमी असते अशी समजूत आहे, पण प्रत्यक्षात उलट घडते. दोन भाषांत सारखे वाजणारे आणि वेगळा अर्थ असणारे शब्द हा विनोदाचा तयार साठा आहे. फक्त तो शब्दावर ठेवायचा, माणसावर न्यायचा नाही. तेलुगूत 'पप्पू' म्हणजे डाळ किंवा वरण, आणि मराठी घरात दर गल्लीत एक पप्पू असतो. पंगतीत 'पप्पू वाढा' अशी हाक आली की हसू येणारच. तरी हा विनोद जपून करावा. राजकारणात त्या नावाला टोमण्याचा वास लागला आहे, आणि मांडवात कोणत्या पक्षाचे कोण बसले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. शिवाय खरोखरचा पप्पू पहिल्या रांगेत बसलेला असू शकतो.

त्यापेक्षा 'आत्ता' बरा. मराठीत आत्ता म्हणजे या क्षणी, तेलुगूत 'अत्ता' म्हणजे सासू किंवा आत्या. निवेदक 'आत्ता या' म्हणाला की तेलुगू कानाला तो सासूबाईंना बोलावतो आहे असे वाटते. हा विनोद दोन्ही बाजूंना कळतो, कोणाच्या जातीला, रंगाला, उच्चाराला हात लावत नाही, आणि शेवटी सासूबाईंना मान देऊन संपवता येतो. विनोद निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. तो समजायला किती जणांना शेजाऱ्याची मदत लागेल? ज्याच्यावर तो आहे तो समोर बसला असेल तर तोही हसेल का? आणि हसून झाल्यावर कोणाला मान मिळतो? तिसऱ्याचे उत्तर सापडले नाही तर तो विनोद मित्रांच्या बैठकीसाठी ठेवतो. आपल्या मोडक्या तेलुगूवर स्वतःच हसणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. दुसऱ्याच्या मोडक्या मराठीवर हसणे हा सर्वांत धोक्याचा.

शेवटचे काम मात्र विनोदाचे नाही, व्यवहाराचे आहे. आपल्या लग्नात प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' आले की अक्षता पडतात. तेलुगू विवाहात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे आणि गूळ ठेवतात, आणि 'अक्षिंतलु' म्हणजे त्यांच्या अक्षता पुढे आशीर्वाद देताना टाकल्या जातात. त्यामुळे मराठी मांडवातला तेलुगू पाहुणा मुठीत तांदूळ धरून इकडेतिकडे बघत राहतो, किंवा उठून वधूवरांकडे चालू लागतो. त्याला केव्हा आणि कुठून टाकायच्या हे सांगितले की तो प्रेक्षक न राहता त्या कार्यात सामील होतो. स्वागताच्या दोन मिनिटांत हे वाक्य बसलेच पाहिजे.

आता हे सगळे एकत्र करून पाहू. समजा बाजारहत्नूरला मुलीच्या घरचे लग्न आहे, वऱ्हाड किनवटचे आहे, मुहूर्त साडेबाराचा, आणि वर सांगितलेले सगळे गट मांडवात आहेत. बँड थांबल्यावर निवेदक असे बोलू शकेल:

'माय-माउल्यांनो, अक्का-ताईंनो, दादा-अन्नांनो, सगळ्यांना नमस्कार. अंदरिकी नमस्कारम्. राम राम, जय भीम, जय सेवा, जय सेवालाल, आदाब.

हत्नूर दोन आहेत. एक गुडीहत्नूर, एक आमचं बाजारहत्नूर. गुडी म्हणजे देऊळ. म्हणजे वाटणीत देव तिकडं गेला आणि बाजार आमच्याकडं आला. पण आज हा मांडव बघून वाटतं, देवानं दुपारपुरता मुक्काम हलवलाय. किनवटच्या मंडळींनो, येताना रस्त्यात तुमचं राज्य बदललं. काळजी करू नका, सोयरे तेच आहेत.

माझं तेलुगू दोन शब्दांत संपलं. पुढचं भोजनाच्या वेळी ताटाकडं बोट दाखवून बोलीन.

मुलीचे मामा आलेत. मेनमामा आलेत. मुहूर्त साडेबाराचा, आणि गुरुजी म्हणतात आत्ता सुरू करायचं. तेलुगू बंधुमित्रांनो, मी अत्तगारूंना हाक मारली नाही. पण त्यांनीही पुढं यावं, त्यांच्यावाचून कसला मुहूर्त!

अक्षता हातात ठेवा. "सावधान" ऐकलं की टाका, जागेवरूनच, हलक्या हातानं. नंतर भोजनम्, मांडवाच्या डाव्या बाजूला. लेकरं आणि म्हातारी माणसं आधी. दोन्ही घरांच्या वतीनं, या, बसा, दयचेयंडि.'

सावकाश बोलले, हसण्यासाठी थांबले तरी हे दीड मिनिटात होते. त्याच्या रचनेकडे पाहा. सुरुवात बायांपासून आहे, कारण बहुतेक मांडवांत त्या वेगळ्या बाजूला बसतात आणि माइकवरून पुरुषांचीच नावे ऐकतात. 'अक्का' आणि 'अन्ना' हे शब्द मराठीतही आहेत आणि तेलुगूतही, म्हणून त्या ओळीला भाषांतर लागत नाही. सर्वांचा नमस्कार आधी आणि गटांची अभिवादने नंतर घेतली आहेत. त्यामुळे नजरचुकीने एखादे राहिलेच तरी तो माणूस पहिल्या नमस्कारात आलेला असतो. पहिला विनोद गावाच्या नावावर आहे आणि त्यात कमीपणा यजमान गावाने स्वतःकडे घेतला आहे. गुडीहत्नूरचा पाहुणा त्यावर आनंदाने हसू शकतो. दुसरा निवेदकाच्या स्वतःच्या तेलुगूवर आहे, तिसरा सासूबाईंना मान देऊन संपतो. आणि शेवटी कामाची वाक्ये आहेत, ज्यांतले मुख्य शब्द दोन्ही भाषांचे आहेत.

हे बरोबर उतरले की नाही, ते टाळ्यांवरून ओळखू नका. टाळ्या पहिल्या तीन रांगा वाजवतात. मागच्या माना बघा. तुमचे वाक्य संपताच माणसे शेजाऱ्याकडे वळून 'काय म्हणाला?' असे विचारू लागली तर तुमचा एखादा शब्द अडला आहे. तो लगेच सोप्या रूपात पुन्हा म्हणा, माफी मागत बसू नका. हसू एकाच कोपऱ्यातून आले तर तो विनोद त्या कोपऱ्याचा होता. पुढच्या वेळी तो गाळा. आणि खरी परीक्षा अक्षतांची. पहिल्या 'सावधान'ला मांडवाच्या चारही बाजूंनी तांदूळ उडाले तर तुमचा नमस्कार सगळ्यांपर्यंत पोचला.

याला एक मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. दोन शब्द बोलता येणे म्हणजे भाषा येणे नव्हे. गोंडी किंवा गोरमाटी येत नसताना पाठ केलेले लांब वाक्य फेकले की उच्चार चुकतात, कधी अर्थ बदलतो, आणि ज्याच्यासाठी ते म्हटले तो माणूस सभ्यपणे गप्प बसतो. तिथे एकच शब्द म्हणावा, पण तो आदल्या दिवशी त्या भाषेच्या माणसाकडून दोनदा म्हणवून घ्यावा. पुढचे सांगणे त्याच्याकडेच सोपवावे. तांड्यावरचा एखादा तरुण किंवा गुड्यातली एखादी शिक्षिका शेवटचे वाक्य आपल्या भाषेत म्हणायला तयार असेल तर माइक त्यांच्या हातात द्या. दीड मिनिटातली दहा सेकंदे जातील. त्या दहा सेकंदांत मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची मान वर होते आणि तो पुढे सरकून बसतो.